आमची वाटचाल: कपलिंगवरची मार्करची रेघ

साकी नाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दहा बाय बाराच्या गाळ्यात मी आणि माझ्या मेव्हण्याने मशीनच्या मोटरी चालवणाऱ्या ड्राइव्हच्या दुरुस्तीचं काम सुरू केलं. लॅमिंग्टन रोडवरून आयजीबीटी आणि कपॅसिटर आणायचे, जळलेलं कार्ड उभं करायचं, बेंचवर मोटर फिरवून दाखवायची आणि बिल करायचं. पहिली काही वर्षं एवढ्यावरच घर चाललं.

पण काही ड्राइव्ह वेगळेच यायचे. त्यांच्यावर चिठ्ठी असायची ‘फॉलोइंग एरर’. बेंचवर लावले की तासन् तास सुरळीत चालायचे. आम्ही सफाई करून, पंखा बदलून परत पाठवायचो आणि आठवड्याभरात तोच ड्राइव्ह त्याच चिठ्ठीसह दारात हजर. गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन त्याचं काम झालेलं नाही, ही गोष्ट मला झोपू देत नसे.

या अलार्मचा अर्थ एवढाच की कंट्रोलरने मशीनच्या अक्षाला, म्हणजे मोटरने सरकणाऱ्या भागाला, जिथे बोलावलं आणि अक्ष जिथे आहे, त्यातलं अंतर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं. अक्ष मागे का राहिला, हे तो सांगत नाही. म्हणजे दुखणं बहुतेक वेळा मशीनवर असतं आणि आम्ही ते बेंचवर शोधत होतो. तेव्हा साइटवर जायचं ठरवलं.

भांडुपच्या एका कारखान्यातलं काम आमच्या धंद्याला वळण देऊन गेलं. पत्र्यावर भोकं पाडणारं सीएनसी ड्रिलिंग मशीन. सकाळी छान चालायचं, दुपारनंतर एक्स अक्षावर अलार्म. त्यांनी आधीच ड्राइव्ह नवा घातला होता. त्याआधी कुणीतरी अलार्मची मर्यादा पाच मिलिमीटरवरून दहावर नेऊन ठेवली होती. त्याने अलार्म फक्त तासभर उशिरा येऊ लागला.

आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. अक्ष हळू चालवून ड्राइव्हवर टॉर्क, म्हणजे मोटर किती जोर लावते ते, पाहिला, तर तो साठ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या हलक्या टेबलाला तीस पुरायला हवेत. मी लगेच निदान केलं, लोड आहे. दोन दिवस मशीन बंद ठेवून गाइड साफ केले, ग्रीसच्या नळ्या मोकळ्या केल्या, बॉलस्क्रूचं बेअरिंग उघडून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी टॉर्क तीस टक्के. आम्ही खूश झालो. दुपारी पुन्हा साठ, आणि जलद चालीत पळायला सुरुवात करताना अलार्म.

तिथले जुने ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणत, शांतपणे म्हणाले, “साहेब, आम्ही बंद करून चालू करतो, अक्ष मूळ जागी नेऊन होमिंग घेतो. मग सकाळसारखं पळतं.”

मी तिथेच थांबलो. घासणारं गाइड वीज बंद-चालू केल्याने मोकळं होत नाही. लोडची खूण अशी असते की टॉर्क ठरावीक जागी चढतो, किंवा सगळ्या स्ट्रोकभर जड असतो, आणि मोटर कपलिंगपासून सोडवली की एकदम उतरतो. इथे तो जागेशी नाही, वेळेशी बांधलेला होता.

मग मेव्हणा म्हणाला, ट्यूनिंग, म्हणजे ड्राइव्हच्या गेनची जुळणी, चुकली असेल, कारण अलार्म वेग घेतानाच येतो. तेही तपासलं. त्या ड्राइव्हमध्ये अक्षाला वेगाचा हुकूम आगाऊ देणारा फीड फॉरवर्ड बंद होता. अशा वेळी एकसारख्या वेगात अक्ष किती मागे राहील याचा हिशेब सोपा असतो. वेगाला पोझिशन लूपच्या गेनने, म्हणजे ड्राइव्ह मागे राहिलेलं अंतर किती जोरात भरून काढतो त्या आकड्याने, भागायचं. मिनिटाला सहा मीटर म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर, गेन ४०, तर अडीच मिलिमीटर. स्क्रीनवर सकाळीही अडीच आणि दुपारीही अडीच. गेन कमी पडला असता तर पहिल्याच स्ट्रोकपासून अंतर जास्त दिसलं असतं, जास्त झाला असता तर अक्ष घूं घूं करत थरथरला असता. आणि ट्यूनिंग काही जेवणाच्या सुट्टीत बिघडत नाही.

मामांना विचारलं, दुपारी आणखी काय होतं? ते म्हणाले, भोकं सरकतात. ती तक्रार ऑफिसात वेगळ्याच वहीत लिहिलेली होती, अलार्मशी तिचा संबंध कुणी लावला नव्हता. मी सकाळी अक्ष एक्स शून्यावर आणला, कपलिंगवर आणि शेजारच्या ब्रॅकेटवर मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढली. दुपारी अलार्मनंतर, वीज बंद न करता, पुन्हा शून्यावर आणला. स्क्रीनवर शून्य, पण रेघेचे दोन तुकडे झाले होते. कपलिंगवरचा तुकडा पाच मिलिमीटर बाजूला. चाळीस मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगवर ते जवळपास पंधरा अंश होतात. दहा मिलिमीटर पिचच्या स्क्रूवर टेबल ०.४ मिलिमीटर सरकलं. भोकं तेवढीच सरकत होती.

म्हणजे मोटर किती फिरली हे पल्सने सांगणारा जो एन्कोडर, त्याचे पल्स मोजण्यात चुका होत होत्या. पण त्याने टॉर्क दुप्पट का व्हावा, हे मला रात्री घरी कागदावर आकृती काढताना कळलं. मोटर आठ पोलची, चार जोड्या. शाफ्टचे पंधरा अंश म्हणजे विजेच्या हिशेबाने साठ अंश. एन्कोडर साधा इन्क्रिमेंटल. ड्राइव्ह चालू होताना चुंबकाची जागा ओळखतो आणि पुढे मोजलेल्या पल्सवरच विसंबून राहतो. मोजणी चुकली की तो करंट चुकीच्या कोनात देतो. साठ अंशाला कोसाइन अर्धा, म्हणजे तेवढ्याच करंटमध्ये अर्धाच जोर. तेवढाच जोर काढायला करंट दुप्पट लागतो, आणि ड्राइव्ह टॉर्क करंटवरूनच दाखवतो, म्हणून तीसचे साठ. वेग घेताना १८० टक्के लागायचे, तिथे आता ३६० हवेत, आणि ड्राइव्हची कमाल ३००. तिथे अक्ष मागे पडतो आणि अलार्म येतो. नॉइजने, म्हणजे एन्कोडरच्या तारांत बाहेरून शिरणाऱ्या विजेच्या गडबडीने, लोडचं आणि ट्यूनिंगचं, दोन्हींचं सोंग घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ड्रिल फिरवणाऱ्या स्पिंडलचा इन्व्हर्टर बंद ठेवून अक्ष दिवसभर नुसता पळवला. रेघ जुळलेलीच राहिली. स्पिंडल चालू केला आणि दोन तासांत ती फुटू लागली. केबल ट्रे उघडला तर एन्कोडरची केबल स्पिंडलच्या पॉवर केबलला टायने घट्ट बांधलेली, आणि मध्ये चिकटपट्टी गुंडाळलेला एक जोड. उंदराने कुरतडल्यावर कुणीतरी तारा जोडल्या होत्या, नॉइज अडवणारी शिल्ड मात्र तशीच तुटलेली सोडली होती.

आम्ही जोड नसलेली, जोडीजोडीने पिळलेल्या तारांची केबल टाकली. शिल्ड पिळून एका टोकाला स्क्रूखाली अडकवण्याऐवजी दोन्ही टोकांना धातूच्या क्लॅम्पखाली सगळीकडून दाबली, आणि पॉवर केबलपासून वीतभर लांब वेगळा मार्ग दिला. अलार्मची मर्यादा परत पाचवर आणली. रेघ महिनाभर तशीच राहू दिली. मामा रोज संध्याकाळी अक्ष शून्यावर आणून ती पाहायचे आणि मला फोन करायचे.

आधी फुकट गेलेल्या दोन दिवसांचे पैसे मी घेतले नाहीत. चूक माझी होती.

प्रत्येक ठिकाणी हे असंच दिसत नाही. काही ड्राइव्ह एन्कोडरच्या दर फेरीला एकदाच येणाऱ्या झेड पल्सशी मोजणी ताडून पाहतात आणि वेगळा अलार्म देतात. नव्या सीरियल एन्कोडरमध्ये बिघडलेला संदेश ओळखला जातो, तिथे नॉइज बहुधा कम्युनिकेशनच्या अलार्ममधून बोलतो. अशा मशीनवर नुसता फॉलोइंग एरर आला तर मी आधी लोडकडेच पाहतो.

आता आम्ही सात जण आहोत, गाळा मोठा झाला आहे, आणि निम्मं काम साइटवर निदानाचं असतं. फॉलोइंग एररचा फोन आला की आमच्याकडे फोन घेणारी मुलगी टेबलावरचा कागद पुढे ओढून तीन गोष्टी विचारते. अलार्म एकाच जागी येतो की कुठेही? बंद-चालू केल्यावर टॉर्क उतरतो का? माप सरकतं का? उत्तरं लिहून होईपर्यंत गिऱ्हाइकाने एकही पॅरामीटर बदलायचा नाही, असंही ती बजावते. बॅगेत मल्टिमीटरच्या शेजारी काळा मार्कर असतोच.