पाथरांचं छत, एक कुजलेलं आढं आणि सत्तावन्न दिवस

उत्तराखंडातल्या अल्मोडा जिल्ह्यातल्या एका जुन्या बाखलीतल्या घराचं छत उघडून पुन्हा घालायचं होतं. पाथर, म्हणजे छतावरच्या दगडी लाद्या, उतरवायला चार दिवस लागले आणि परत चढवायला नऊ. मधले सत्तावन्न दिवस गेले एका लाकडाच्या कागदात. २ एप्रिलला वन खात्यात अर्ज दिला, २९ मे रोजी रवन्ना, म्हणजे लाकूड वाहून न्यायचा परवाना, हातात पडला. चिडचिड अजून उतरलेली नाही, म्हणून तेच आधी लिहितो.

बाखली म्हणजे एका ओळीत चिकटून बांधलेली दगडी घरं. खाली गोठ, वर राहायच्या खोल्या आणि त्यावर दोन्हीकडे उतरतं छत. आपल्या कोकणातल्या घरासारखंच आढं, वासे, त्यावर फळ्या. फरक पुढे सुरू होतो. फळ्यांवर दोन-अडीच इंच मातीचा थर आणि त्यात बसवलेले स्लेटचे पाथर, तीन सेंटिमीटरच्या आसपास जाडीचे, एकमेकांवर चढवलेले. खिळा नाही, हूक नाही. पाथर जागेवर राहतो तो स्वतःच्या वजनाने आणि खालच्या मातीच्या पकडीने.

आमच्या खोलीचं आढं ३.६ मीटर गाळ्याचं, म्हणजे दोन भिंतींमध्ये तेवढं अंतर, २० बाय २५ सेंटिमीटरचं देवदार. कडेच्या भिंतीत शिरलेलं त्याचं टोक कुजलं होतं. बाहेरून लाकूड चांगलं दिसत होतं, कारण भिंतीच्या आत काय चाललंय ते दिसतच नाही. तपासायची रीत सोपी आहे: भिंतीला लागून सहा मिलिमीटरचं ड्रिल आडवं घालायचं आणि बाहेर येणारा भुसा बघायचा. निरोगी देवदाराच्या फिक्या, सुवासिक कुरळ्या येतात. इथे तपकिरी पूड आली आणि ड्रिल लोण्यात जावं तसं आत गेलं. पोकळी पस्तीस सेंटिमीटरपर्यंत होती. फक्त टोक गेलं असतं तर तेवढं कापून, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळून नवं टोक जोडता आलं असतं. पण मधोमध वरचे पाच सेंटिमीटरही मऊ झाले होते. आढं अख्खं बदलणं भाग होतं.

शेजारच्या गावात पडलेल्या घराचं तेवढ्याच मापाचं देवदार मिळालं. जुनं, वाळलेलं, पीळ न घेतलेलं. नव्या लाकडापेक्षा हे केव्हाही चांगलं. अडचण अशी की अर्जात झाडाचा खसरा क्रमांक, म्हणजे ते उभं असलेल्या जमिनीचा नंबर, लिहायचा रकाना होता. ज्या झाडाची तुळई होऊन दोन-तीन पिढ्या झाल्या, त्याचा खसरा क्रमांक कुठून आणणार? रकाना रिकामा ठेवला, अर्ज परत. ‘जुने लाकूड’ लिहिलं, अर्ज परत. तिसऱ्या वेळी पडलेल्या घराचा खसरा, ग्रामप्रधानाचा दाखला, मूळ मालकाचं संमतिपत्र आणि लाकूड जागेवर असतानाचे फोटो जोडले, तेव्हा अर्ज पुढे सरकला. (हे पहिल्या दिवशीच जोडा. आणि घनफळ आधी काढून ठेवा: ४.२ मीटर लांबीचं आमचं आढं ०.२१ घनमीटर, म्हणजे ७.४ घनफूट. तिथे उभ्या उभ्या हिशोब करायला लागलो की आकडा चुकतो आणि पुन्हा नवा फॉर्म.)

मग वन खात्याकडून प्रश्न आला, एवढं मोठं लाकूड लागतंच कशाला? डेपोत १५ बाय २० चं चीड, म्हणजे पाइनचं लाकूड, पडलंय, ते घ्या. नाहीतर सरळ पत्रा टाका. याला तोंडी उत्तर देऊन उपयोग झाला नाही, कागदावर हिशोब द्यावा लागला. तो इथे देतो, कारण पाथरांच्या कुठल्याही छताला हाच लागतो.

एक चौरस मीटर छत घ्या. पाथर एकमेकांवर चढलेले असल्यामुळे सरासरी दीडपट जाडी धरायची, म्हणजे सव्वाशे किलो. कोरडी माती शंभर किलो. फळ्या आणि वासे मिळून पंचवीस-तीस. एकूण अडीचशे किलो. तुलनेला पत्रा धरा, तो पाचेक किलो. आमच्या खोलीवरचं छत दोन्ही उतार मिळून वीस चौरस मीटर, म्हणजे पाच टन. यातली माती पावसात भिजली की अर्धा टन आणखी वाढतो. त्यावर हिवाळ्यात वीतभर बसलेला बर्फ धरला तर सपाटीच्या मापाने दर चौरस मीटरला साठ किलो.

घराची रुंदी ४.८ मीटर. वाशांचं एक टोक भिंतीवर, दुसरं आढ्यावर, म्हणून निम्मा भार आढ्याकडे येतो. बर्फासकट साधारण तीन टन, दर मीटरला ८४० किलो. ३.६ मीटरच्या गाळ्यात मधोमध वाकवणारं बलाघूर्ण निघतं १,३६० किलोग्रॅम-मीटर. २० बाय २५ च्या तुळईत त्यामुळे ताण येतो दर चौरस सेंटिमीटरला ६५ किलो. देवदाराला सुमारे १०० पर्यंत चालतो, म्हणजे हात राखून आहे. जुन्या आढ्याचे वरचे पाच सेंटिमीटर गेले तेव्हा उंची उरली वीस आणि ताण गेला १०२ वर. पाचवा हिस्सा लाकूड गेलं आणि ताण दीडपटीहून वाढला, कारण ताकद उंचीच्या वर्गावर जाते. डेपोतल्या १५ बाय २० च्या तुकड्यात तो १३६ झाला असता. चीडची मर्यादा ८० च्या आसपास. तो तुकडा घ्यायचाच तर मधोमध खांब द्यावा लागतो. मग ताण चौथ्या हिश्श्यावर येतो, पण खांबावर पावणेदोन-दोन टन उतरतात आणि तो खांब वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीवर थांबवून चालत नाही, खाली गोठातूनही नेऊन पक्क्या दगडावर उभा करावा लागतो.

पत्र्याचं म्हणाल तर वजनाचा प्रश्न सुटतो हे खरं. भूकंपात जड छत जीवघेणं ठरतं हेही खरं, आणि हा सगळा पट्टा भूकंपाचाच आहे. पण पाथर वाऱ्याने उडत नाही, पत्रा उडतो. मातीत रचलेल्या दगडी भिंतीच्या माथ्यावरचं पाच टनांचं ओझं काढून तिथे नुसता पत्रा ठेवला, तर तो भिंतीत खोलवर बांधून घ्यावा लागतो. ते न करता टाकलेले पत्रे मे महिन्याच्या वादळात शेजारच्या शेतात सापडतात.

हिशोबाचं पान दिल्यावरही अठरा दिवस गेले. सही करणारे साहेब दौऱ्यावर होते.

या काळात छत कशावर उभं होतं ते महत्त्वाचं. आढ्याखाली गाळ्याचे तीन भाग करून दोन टेकू दिले, दहा सेंटिमीटर व्यासाच्या चीडच्या गोल बल्ल्या. पूर्ण भार असता तर प्रत्येक टेकूवर अकराशे किलो आले असते. म्हणून खाली पाच सेंटिमीटर जाड फळी आडवी आणि बरोबर त्याच ओळंब्यात गोठातही दुसरा टेकू. तिसरा टेकू कुजलेल्या टोकाजवळ, भिंतीपासून हातभर आत. पाचर ठोकताना लोक हमखास चुकतात. वाकलेलं आढं एका दिवसात सरळ करायला जातात आणि वरचे वासे उखडतात, नाहीतर लाकूड तडकतं. टेकू घट्ट बसेपर्यंतच ठोकायचं. उचलायचंच असेल तर रोज दोन-तीन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही.

उतरवलेले पाथर वरच्या मजल्यावर रचू नका, हे मी आधी सांगायला हवं होतं. एक मीटर चौरस आणि कमरेच्या खालपर्यंत, साठ सेंटिमीटर उंच थप्पी सोळाशे किलोंची होते, आणि ती जमीनही लाकडीच असते. बाहेर भिंतीला टेकवून कडेवर उभे लावायचे. ओळीचे नंबर खडूने टाकले होते, ते पहिल्याच सरीत गेले. खिळ्याने कोरावेत. उतरवताना प्रत्येक पाथर हातोडीच्या दांड्याने वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर ठेवायचा, बद्द वाजला तर आत पापुद्रा सुटलेला असतो, तो पायरीला वापरावा. वीसातले दोन-तीन असे निघतात. नवी खाण मिळणं अवघड, म्हणून बदली पाथरही पडक्या घरातूनच आणावे लागतात.

आढं का कुजलं, याचं उत्तर छत उघडल्यावर मिळालं. कधीतरी कुणीतरी गळती थांबवायला माथ्यावर आणि कडेच्या भिंतीलगत सिमेंटचा जाड थर दिला होता. पाथर उन्हाथंडीत हलतात, सिमेंट हलत नाही. केसासारखी भेग पडते, पाणी आत जातं आणि वर सिमेंट असल्याने सुकत नाही. शिवाय चार सेंटिमीटरचा थर म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे शंभर किलो जादा. आपण छत मजबूत केलं असं वाटतं आणि आत आढं भुसा होतं. साधा घसरलेला पाथर असेल तर वरचा पाथर पहारीने दोन बोटं उचलून पाचर लावावी, खाली ताजी माती दाबावी आणि नवा पाथर खालून सरकवावा. वरचा पाथर खालच्यावर किमान दहा-बारा सेंटिमीटर चढलेला हवा, त्याहून कमी असेल तर वाऱ्याचा पाऊस उलटा वर चढतो. मातीखाली प्लास्टिक अंथरायचा मोह टाळावा. तीस अंशांच्या उतारावर ओली माती प्लास्टिकवरून पाथरांसकट घसरते. फळ्यांवर दर दोन फुटांवर आडवी रीप मारली की माती तिला अडून राहते.

उघडण्याआधीच धोका ओळखायचा असेल तर आढ्याखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणा. आमच्या मापाचं निरोगी आढं सात-आठ मिलिमीटर वाकतं, वर्षानुवर्षांच्या ओझ्याने दुप्पट, म्हणजे दीड सेंटिमीटर. तीन सेंटिमीटर दिसलं तर ड्रिल काढावं. त्याचबरोबर वळचणीखालच्या भिंतीला ओळंबा लावा. आढं खचलं की वासे पाय पसरतात आणि भिंतीचा माथा बाहेर ढकलतात. भिंतीला पोट आलं असेल तर नुसतं आढं बदलून भागत नाही.

२९ मेला संध्याकाळी लाकूड आलं. एकशे वीस किलोच्या आसपास, सहा जणांनी वर नेलं. दोन्ही टोकांना बोरॅक्स-बोरिकच्या पाण्याचे दोन हात दिले. भिंतीतल्या खोबणीत खाली सपाट पाथर ठेवून त्यावर वीस सेंटिमीटर टेकण दिली, आणि बाजूंनी, वरून व टोकाला दोन बोटं जागा मोकळी सोडली. मिस्त्री ती जागा मातीने लिंपायला निघाला होता, त्याला थांबवावं लागलं. जुनं टोक तशाच लिंपलेल्या खोबणीत कुजलं होतं. टेकू मात्र पाथर चढवून झाल्यावरही आठवडाभर ठेवले आणि मग रोज थोडी पाचर ढिली करत काढले. दोरी लावली तेव्हा आढं नऊ मिलिमीटर वाकलं होतं.