जुन्या कॅमेऱ्यातले फोटो काढायचे होते, त्यासाठी केबल ओळखायला शिकलो

घरात जुना कॅनन पॉवरशॉट, बाबांची जुनी पोर्टेबल हार्डडिस्क, एक प्रिंटर आणि एक टॅबलेट एवढं होतं, आणि सगळ्यातला डेटा एका जागी आणायचा होता. केबल मात्र सगळ्या एकाच पिशवीत आणि कुठली कशाची ते कोणालाच माहीत नाही.

प्रिंटरचं सोपं निघालं. त्याची पिन जवळपास चौकोनी, वरचे दोन कोपरे तिरके कापलेले, ती म्हणजे यूएसबी-बी. प्रिंटर, स्कॅनर, आर्डुइनो उनो, म्युझिकचे मिडी कीबोर्ड, बहुतेकांना हीच लागते आणि दुसऱ्या कशात ती जातच नाही, त्यामुळे तिच्याबद्दल एवढंच.

खरा घोळ मिनी यूएसबी आणि मायक्रो यूएसबीचा. दोन्हींची रुंदी जवळजवळ सारखीच, ७ मिमीच्या आसपास, म्हणून समोरून बघून पटकन कळत नाही, जाडी बघायची. मिनीची जाडी ३ मिमी, मायक्रोची २ मिमीपेक्षाही कमी. पट्टी लावली की लगेच समजतं. मिनीच्या दोन्ही बाजू आत दाबल्यासारख्या असतात, आणि मायक्रोच्या पिनेवर बोट फिरवलं तर दोन बारीक आकडे लागतात, ते स्प्रिंगवर असतात आणि पिनेला सॉकेटमध्ये धरून ठेवतात. हे मला फार आवडलं, कारण स्प्रिंग केबलकडे दिल्यामुळे आधी केबल झिजते, मोबाईलचं सॉकेट नाही, आणि केबल बदलणं कधीही स्वस्त. दुकानात मागायला गेलात तर मिनीला व्ही-थ्री आणि मायक्रोला व्ही-एट म्हणा, मोबाईल अॅक्सेसरीवाल्यांना तेच लवकर कळतं.

वयावरूनही अंदाज येतो. मायक्रो २००७ साली जाहीर झाली, त्यामुळे त्याच्या आधीची वस्तू असेल तर ती मिनी असण्याची शक्यता जास्त: मोटोरोला रेझर व्ही-थ्री, प्लेस्टेशन ३ चा कंट्रोलर, जुने एमपीथ्री प्लेयर, गाडीतले जीपीएस. कॅमेऱ्यांनी तर मिनी पुढेही बरीच वर्षं सोडली नाही. माझा पॉवरशॉट मिनीवालाच. केबल लावून कॅमेरा चालू केला आणि फोटो बघायच्या मोडवर ठेवला तेव्हा कुठे कॉम्प्युटरला दिसला, आणि ही केबल फक्त फोटोंसाठी, बॅटरी वेगळी काढून तिच्या चार्जरवरच भरावी लागते. निकॉनच्या बऱ्याच जुन्या कूलपिक्सना मात्र मिनीसारखीच दिसणारी पण वेगळी, ८ पिनांची केबल लागते, नेहमीच्या मिनीत ५ पिना असतात. म्हणून पिन आत जात नसेल तर जोर लावू नका, टॉर्च मारून सॉकेटचा आकार बघा.

हार्डडिस्कलाही मिनीच, पण केबल लावली की नुसती टक्-टक् आवाज करायची आणि दिसायची नाही. मला वाटलं डिस्क गेली, बाबा तर हिरमुसलेच. कारण करंटचं होतं. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपियरपर्यंतच द्यायला बांधील असतो आणि डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी तिला त्याहून जास्त लागू शकतो, शिवाय केबल लांब आणि बारीक असेल तर वाटेतच व्होल्टेज पडतं. दोन तोंडांची वाय केबल आणून दोन्ही तोंडं कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टात लावली, टक्-टक् थांबली आणि फोल्डर उघडले! आखूड केबल लावूनही कधीकधी काम होतं. तरीही आवाज येत राहिला तर मात्र पुन्हा पुन्हा लावून बघू नका, डिस्कच खराब असू शकते आणि दर खेपेला ती अजून बिघडते.

टॅबलेटला मायक्रो लागली, पण पहिली केबल लावल्यावर चार्जिंग होई आणि कॉम्प्युटरवर काहीच येत नसे. बऱ्याच स्वस्त केबलमध्ये पॉवरच्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतातच, आणि बाहेरून दोन्ही केबल सारख्याच दिसतात. हे तपासायचं असेल तर चालू असलेल्या फोनला ती केबल लावा, चार्जिंगचं चिन्ह आलं पण कॉम्प्युटरने आवाजही दिला नाही आणि फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्यायही आला नाही, तर केबल फक्त चार्जिंगची. अशा केबल मी वेगळ्या काढून त्यांच्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं.

आणि नव्या हार्डडिस्कला असते ती रुंद, दोन भागांची पिन, ती मायक्रोचाच यूएसबी ३ वाला प्रकार. ती केबल हरवली असेल तर साधी मायक्रो डेटा केबल तिच्या मोठ्या भागात बसते, वेग सेकंदाला ३०-३५ एमबीवर येतो, म्हणजे २०० जीबीला साधारण पावणेदोन तास लागतात, पण कॉपी पूर्ण होते.