चिठ्ठीवरची चार अक्षरं

काल तू दोनदा विचारलंस, साडीच्या चिठ्ठीवर आकडे का नसतात, नुसती अक्षरंच का असतात. गल्ल्यावर गिऱ्हाईक उभं होतं म्हणून मी उत्तर दिलं नाही. ते आता लिहून देतो. दादरच्या या दुकानात मी वडिलांच्या हाताखाली बसायला लागलो तेव्हा मलाही हे कोणी नीट समजावलं नव्हतं. चुकत चुकत शिकलो.

चिठ्ठीवर वरच्या ओळीत तीन किंवा चार अक्षरं असतात. ती साडी आपल्याला कितीला पडली, ते त्यात असतं. माल कुठून आणला ते खालच्या ओळीत, 'ये' म्हणजे येवला, 'सु' म्हणजे सुरत, आणि पुढे खरेदीचा महिना आणि साल. खालची ओळ कोणीही वाचली तरी चालते. वरची मात्र फक्त आपल्यासाठी.

वरच्या ओळीचा उपयोग काय? तर गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की तुला दरवेळी माझ्याकडे धावत यावं लागू नये. चाळीस टक्के चढवून आपण भाव सांगतो. त्यावरून खाली यायचं ते सव्वापटीपर्यंत. म्हणजे १,७५० ची साडी २,४५० ला सांगायची आणि फार ताणलं तर २,२०० च्या आसपास थांबायचं. साडी वर्षभर फळीवर पडून असेल (ते खालच्या ओळीवरून कळतं), तर आणखी खाली जायचं, पण मला विचारून. हे सगळं समोरच्या माणसाच्या देखत, त्याला न कळता करायचं असतं. पूर्वी बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे. आपल्याकडे रुमालाच्या जागी चिठ्ठी आहे, एवढाच फरक.

आता अक्षरांकडे ये. दहा वेगवेगळी अक्षरं असलेलं एक वाक्य धरायचं आणि त्याची अक्षरं ओळीने १ ते ९ आणि शेवटी ० ला लावायची. काना, मात्रा, अनुस्वार सोडून द्यायचे, अक्षर तेवढं घ्यायचं. आमच्या वडिलांनी स्वतः एक वाक्य जुळवलं होतं आणि ते आम्ही चाळीसेक वर्षं वापरलं. ते मी तुला बिनदिक्कत सांगणार आहे, कारण गेल्या लग्नसराईत ते एका बाईंनी भर दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं.

बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. भाचीच्या लग्नात आहेराला सहा साड्या हव्या होत्या. गुडघे दुखतात, दोन-दोनदा जिना चढवत नाही, आधी फोटो पाठवा, असं त्यांनी फोनवर सांगितलं. मी काउंटरवर साड्या मांडल्या, प्रत्येकीचा पदर आणि काठ दिसेल असा फोटो काढला आणि खाली भाव टाकून व्हॉट्सॲपवर पाठवले. चिठ्ठ्या काठालाच टाचलेल्या होत्या. काठ नीट दिसावा म्हणून मी फोटो जवळून काढले, त्यामुळे चिठ्ठ्याही नीट दिसल्या. मला वाटलं, दिसली तर दिसली, कोणाला काय कळणार आहे?

दोन दिवसांनी बाई आल्या. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि पर्समधून वहीचं एक पान काढून माझ्यापुढे सरकवलं. त्यावर हे होतं.

भगयय – १,९६०
भरनय – २,४५०
भबनय – २,५९०
वभयय – २,९४०
सगयय – ४,७६०
ळबय – १,३७०

"अहो, हे तुमचे सहा फोटो," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा मला वाटलं कापडाचं काहीतरी नाव असेल. मग दोन चिठ्ठ्यांच्या शेवटी 'यय' दिसलं, मग तिसऱ्याही. साड्यांच्या किमतीत शेवटी जोडीने काय येतं? शून्य."

मी गप्प. ती चूक माझी होती. वडिलांचा दंडक होता की एकच आकडा लागोपाठ दोनदा आला तर दुसऱ्या जागी फुली मारायची. २,१०० लिहायचे तर 'वभयय' नाही, 'वभय×' असं. बाहेरच्याला फुली हे अकरावं अक्षर वाटतं आणि तो तिथेच अडतो. गर्दीच्या दिवसांत भराभर चिठ्ठ्या लिहिताना मी फुली सोडून दिली होती. कोणी काही बोललं नाही, म्हणून ती सवयच झाली.

बाईंनी पेन्सिल पहिल्या ओळीवर ठेवली. "हिचा भाव १,९६०. अक्षरं चार, म्हणजे हजारातली रक्कम. खरेदी विक्रीपेक्षा कमीच असणार, म्हणजे पहिलं अक्षर १ शिवाय दुसरं काही असू शकत नाही. भ म्हणजे एक. आता वभयय. भाव २,९४०. व एक नाही, कारण एक तर भ आहे. तीन असता तर खरेदीच भावापेक्षा जास्त झाली असती. म्हणून व म्हणजे दोन. म्हणजे ही साडी तुम्हाला २,१०० ला पडली. बरोबर?"

बरोबरच होतं.

"२,१०० चे २,९४०. म्हणजे एकाचे एक पूर्णांक चार. मग बाकीच्या सगळ्यांना एक पूर्णांक चारने भागलं." २,४५० चे आले १,७५०, म्हणून र सात आणि न पाच. २,५९० चे १,८५०, म्हणून ब आठ. १,९६० चे १,४००, ग चार. ४,७६० चे ३,४००, स तीन. १,३७० ला पूर्ण भाग जात नाही, कारण तो भाव मी दोन रुपये कमी करून सांगितला होता, पण उत्तर ९८० च्या जवळच येतं, त्यामुळे ळ नऊ. यात बाईंची हुशारी होतीच, पण निम्मं काम माझं होतं. सहाही साड्यांवर मी डोळे मिटून तेच चाळीस टक्के चढवले होते. एक साडी फुटली की उरलेल्या पाच आपोआप फुटणार.

मग त्यांनी पान उलटलं. मागे एक ते नऊ आणि शून्य असे आकडे ओळीने लिहिले होते आणि खाली त्यांची अक्षरं. सहाच्या खालची जागा मोकळी होती, कारण सहा फोटोंत सहाचा आकडा आलाच नव्हता.

भ व स ग न _ र ब ळ य

"काल रात्री हे बघत बसले होते," बाई म्हणाल्या, "आणि हसूच आलं. मधलं अक्षर क असणार ना? भाव सांगू नको रे बाळ्या!"

शेजारी ब्लाउजपीस बघत असलेल्या दोघी वळून बघायला लागल्या. वडिलांनी हे वाक्य जुळवलं तेव्हा बाळ्या म्हणजे मीच होतो. मी हसलो, दुसरं काय करणार?

मग खरी घासाघीस सुरू झाली. सहा साड्यांचे माझे सांगितलेले १६,०७० होत होते आणि खरेदीची बेरीज ११,४८०. ती बाईंकडे तयारच होती. त्यांनी बारा हजार म्हटले. मी त्यांना दुकानाचं भाडं, वीज, मुलांचे पगार, सुरतेहून येणारी गाडी आणि दोन-दोन वर्षं न विकलेला माल हे सगळं सांगितलं. चिठ्ठीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. बाईंनी ऐकून घेतलं, पण पान काही घडी केलं नाही. सव्वापटीने १४,३५० झाले असते. मी १४,००० ला दिल्या. स्वतःच घातलेली मर्यादा मोडली.

त्या रात्री दुकान बंद करून मी फोनमधले जुने फोटो चाळले. किती जणांना किती चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, मोजवेना. पाठवलेला फोटो परत घेता येतो तो काही काळच, आणि पुढे ढकललेली प्रत तर आपल्या हातातच नसते. म्हणून वाक्यच बदललं.

दुकानात उभ्या असलेल्या माणसाला एका वेळी एक-दोन चिठ्ठ्या दिसतात. तेवढ्यावरून त्याला काही काढता येत नाही, आणि तेवढ्यासाठी ही युक्ती पुरेशी होती. फोटोत मात्र सहा चिठ्ठ्या, सहा भाव, आणि घरी बसून रात्रभर बघायला वेळ. वाक्य कितीही अवघड केलं तरी याच्यापुढे टिकत नाही. तेव्हा फोटोत चिठ्ठी येताच कामा नये. साडी मांडलीस की आधी चिठ्ठी उलटी करून काठाखाली सार. पातळ कापड असेल तर टाचणी काढून चिठ्ठी बाजूला ठेव, कारण उजेडात अक्षरं आरपार दिसतात. गिऱ्हाइकाला साडी ओळखता यावी म्हणून कागदावर नुसता अनुक्रमांक लिहून शेजारी ठेव आणि तोच वहीत उतरव. चुकून चिठ्ठी आलीच तर फोनवर तिच्यावर काळ्या रेघा ओढत बसू नकोस. ते पेन अर्धपारदर्शक असलं तर उजेड वाढवला की खालचं दिसतं. फोटो पुन्हा काढ. आणि फोटोखाली भाव टाकताना सगळ्यांवर एकच टक्का लावू नकोस. कुठे पन्नास वर, कुठे शंभर खाली.

जुन्या वाक्यात आणखी एक खोट होती, ती बाईंच्या आधीच मला भोवली होती. ब आणि व. घाईत लिहिलेल्या ब च्या पोटातली रेघ पुसट झाली की तो व होतो, आणि आठाचे दोन. तुझ्या आधीच्या मुलाने 'भबनय' चं 'भवनय' वाचलं. १,८५० ची साडी १,२५० ची समजून, सव्वापट सांभाळली या समाधानात, १,६०० ला देऊन टाकली. पदरचे अडीचशे गेले. त्याला मी रागावलो नाही, अक्षर माझंच होतं. नव्या वाक्यात एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं घेतलेली नाहीत. भ आहे तर म नाही, घ आहे तर ध नाही.

नवं वाक्य मी इथे लिहिणार नाही. दुपारी दोनच्या सुमाराला गिऱ्हाईक नसतं, तेव्हा तोंडी सांगतो. तूही कुठे लिहून ठेवू नकोस, फोनमध्ये तर नाहीच.

जुनं सांगितलं ते एवढ्यासाठी की वरच्या फळीवर तीसेक साड्या अजून जुन्या चिठ्ठीच्या आहेत. त्या खाली काढ, जुनी चिठ्ठी वाच, आकडा वहीत लिही आणि नवी चिठ्ठी लाव. नव्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका कर, म्हणजे सरमिसळ होणार नाही. दुसऱ्या जागी ब किंवा व दिसला तर आधी मला दाखव, मग चिठ्ठी फाड.