रशियन नोंदवही: सासूबाईंसाठी तीन ओळी

रशियन शिकायला लागून सहा महिने झाले. या आठवड्यात पहिल्यांदाच धड्याबाहेरचं काही लिहायचं होतं. यारोस्लाव्लला राहणाऱ्या सासूबाईंचा वाढदिवस, आणि नवऱ्याला आधी दाखवायचं नाही असं ठरवलेलं.

'दरगाया मामा', म्हणजे 'प्रिय आई', लिहून झालं. पुढची ओळ: 'पज़्द्रव्ल्यायु वास स् द्न्योम रझ्द्येनिया', म्हणजे शब्दशः 'जन्माच्या दिवसासह तुमचं अभिनंदन'. 'स्' म्हणजे सह, त्यामुळे 'द्येन'ची (दिवसाची) तृतीया होऊन 'द्न्योम'. शाळेत 'पुत्रेण सह' घोकलेलं असं कामी येईल वाटलं नव्हतं. बोलताना मात्र पुढच्या 'द'मुळे तो 'स्' ज़सारखा ऐकू येतो. 'वास' म्हणजे आदरार्थी 'तुम्हाला', आणि पत्रात त्याचं पहिलं अक्षर मोठं काढायचं.

घसरले ती तिसऱ्या ओळीवर. 'झिलायु वाम' म्हणजे 'तुम्हाला चिंतते', पण जे चिंतायचं ते षष्ठीत जातं. आरोग्य नाही, 'आरोग्याचं' चिंतायचं. मी 'ज़्दरोव्ये' लिहिलं, हवं होतं 'ज़्दरोव्या'. शेवटच्या स्वरावर आघात नसल्यामुळे बोलताना दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात, म्हणून कितीदा वाचून पाहिलं तरी कानाला खटकलं नाही. चूक सापडली ती विशेषणामुळे. 'ठणठणीत आरोग्य' असं नेहमी म्हणतात ते 'क्र्येप्कवा ज़्दरोव्या', आणि तो 'क्र्येप्कवा' षष्ठीचाच. (लिहिताना त्यात 'ग' असतो, वाचताना 'व'. का, ते विचारू नका.) आता प्रत्येक नामामागे एक विशेषण लावून तपासते.

सहीसाठी 'स्नोखा' लिहिणार होते, कारण तो शब्द आणि आपली 'सून' दोन्ही 'स्नुषा'च्याच घरातले. पण जुन्या रीतीप्रमाणे स्नोखा सासऱ्याची, सासूची ती 'नेवेस्तका'. म्हणून 'वाशा नेवेस्तका'.

खरी फजिती वेळेनं केली असती. आपल्या सवयीनं रात्री बाराला पाठवणार होते. पण यारोस्लाव्लला मॉस्कोचीच वेळ, आणि ती आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे साडेनऊ. आणि वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं तिकडे अपशकुनी मानतात! आपल्याकडचे दुपारचे साडेबारा वाजेपर्यंत, म्हणजे तिथले सकाळचे दहा होईपर्यंत, थांबले.

अर्ध्या तासानं उत्तर आलं: 'स्पसीबा, दोच्का'. सही सुनेची होती, आभार लेकीला आले. आणि हो, 'दोच्' आणि 'दुहिता' एकाच मुळातले. पुढच्या नोंदीत नात्यांचे शब्दच घेते.