कऱ्हाडच्या काकांची चाल

"ते कऱ्हाडचे काका तुमचे नेमके कोण? नात्यातले नाहीत, ओळखीचे म्हणावं तर लग्नाच्या दिवशीच पहिल्यांदा भेटलात म्हणता. मग आहेर घेऊन आले कसे?"

पटावरचे. यापलीकडे मला एका शब्दात सांगता येत नाही. धाकट्या भावाच्या लग्नात निम्म्या सांगलीने मला हे विचारलं आणि मी प्रत्येकाला अर्धवट उत्तर देऊन जेवायला पाठवलं.

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. लहानपणी मे महिन्यात नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांत खेळलेली आहे. सांगलीत हे काही विशेष नाही, इथे घरटी एक तरी माणूस "मीपण खेळायचो" म्हणणारा निघतो. बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे आमच्याच गावच्या, त्यामुळे मुलगी पटावर बसली तर कुणी भुवया उंचावत नसे. पुढे नोकरी लागली आणि पट माळ्यावर गेला. 2018 मध्ये मोबाइलवर परत सुरुवात केली. पंधरा मिनिटांचा डाव, प्रत्येक चालीला वर दहा सेकंद, समोर कोण येईल ते यंत्र ठरवणार.

असाच एका रात्री एकजण समोर आला. मी घोडा फुकट घालवला आणि चॅटच्या चौकोनात अक्षरं उमटली: arere.

जगात कुणीही "oops" लिहितं. "अरेरे" लिहिणारा माणूस कुठला, हे विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. उत्तर आलं, कऱ्हाड. मी लिहिलं, सांगली. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे आमचं पाणी तुमच्याकडं येतंय." तेव्हा ती नुसती गंमत होती.

चार-पाच वेळा योगायोगाने गाठ पडली, मग ठरवून खेळायला लागलो. पंधरा मिनिटांच्या डावात बोलणं जमत नाही, घड्याळ डोक्यावर असतं. म्हणून आम्ही तीन दिवसांच्या डावावर आलो. यात एका चालीला तीन दिवस मिळतात. ज्याची पाळी त्याचंच घड्याळ चालतं, आणि त्याने चाल केली की समोरच्याला नवे कोरे तीन दिवस. मी रात्री भांडी आवरून चाल करायची, ते पहाटे. चालीसोबत एखादी ओळ. "पाव्हणं, जेवलासा का?" "आज हळदीला काय भाव फुटला?" "गुडघा धरलाय." ते एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेले, हे कळायला दोन महिने लागले. त्यांची बायको वारलेली आहे, हे कळायला सहा. एकेक ओळीने माणूस कळतो तो असा उशिरा, पण विसरत नाही.

मी त्यांना काका म्हणू लागले. ते मला पाव्हणं म्हणत राहिले. त्यामागची भानगड पुढे येईल.

मध्यंतरी मी एक घाण केली, तीही सांगून टाकते. तीन दिवसांच्या डावात सुरुवातीच्या चालींची पुस्तकं बघायला मुभा असते, पण संगणकाला चाल विचारायची नाही, हा नियम. एका डावात मी पुरती अडकले होते. रात्री एक वाजता दुसऱ्या खिडकीत इंजिन उघडलं, डाव मांडला आणि त्याने सांगितलेली चाल केली: कडेचं प्यादं एक घर पुढे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काकांची ओळ आली. "पाव्हणं, ह्ये कडंचं प्यादं का सारलंसा? मला कळंना झालंय. शिकवा की."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लोक म्हणतात इंजिन वापरणारा ओळखायचा तर चाली किती अचूक पडतात ते मोजा. मोजण्याआधी नुसतं "का" विचारून बघावं. माणसाने केलेल्या चुकीच्या चालीलासुद्धा कारण असतं, उसन्या बरोबर चालीला नसतं. मी डाव सोडून दिला आणि कारण लिहिलं. काका म्हणाले, "बरं. पुढचा डाव मांडा." त्यानंतर तो विषय त्यांनी आजतागायत काढलेला नाही.

आता तो शेवट. एक प्यादं, दोन राजे, बाकी पट मोकळा. सोपा दिसतो आणि भल्याभल्यांना फसवतो. घराच्या नावात अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा. काकांचा पांढरा राजा e5 वर, त्याच्या मागे e4 वर प्यादं. माझा काळा राजा e7 वर. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एक रिकामं घर. इथे ज्याची पाळी त्याचं नुकसान. माझी पाळी असेल तर मला बाजूला सरावं लागतं, पांढरा राजा दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो आणि प्याद्याचा वजीर होतो. पाळी पांढऱ्याची असेल तर मी वाचते, कारण तो जिकडे सरेल तिकडे मी पुन्हा समोर उभी राहते. "माझी चाल नको, तू खेळ" म्हणायची सोय बुद्धिबळात नाही.

पण वाचायलाही यावं लागतं. जूनमधल्या एका डावात हाच शेवट आला होता, पाळी पांढऱ्याची, म्हणजे मी वाचायला हवी होते. त्यांचा राजा d5 वर आला, मी d7 वर. प्यादं e5 वर, मी e7 वर. प्यादं e6 वर आलं आणि मला मागे हटायचं होतं. मी d8 वर गेले. त्यांनी राजा d6 वर आणला. आता मी e8 वर गेले की त्यांचं प्यादं e7 वर, मला f7 वर निघावं लागतं, त्यांचा राजा d7 वर, खेळ खलास. डाव संपल्यावर त्यांनी लिहिलं, "सरळ मागं यायचं. तिरकं न्हाई." म्हणजे e8. मग राजा d6 वर आला तर मी d8 वर समोर, प्यादं e7 वर शह देत आलं तर मी पुन्हा e8 वर. आता प्यादं राखायला त्यांना राजा e6 वर आणावाच लागतो, आणि तो आला की मला शह नाही पण हलायला घरही नाही. स्टेलमेट, डाव बरोबरीत.

ऑगस्ट 2019 च्या पहिल्या आठवड्यात हाच शेवट पुन्हा पटावर आला. राजे समोरासमोर, पाळी काकांची.

5 तारखेच्या रात्री त्यांची ओळ आली, चाल नाही. "कोयनेचं पाणी लई सोडलंय. सामान वर घ्या. 2005 च्या खुणंवर जाऊ नका." आमचं घर गावभागात. 2005 च्या पुराची खूण आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होती आणि सगळी गल्ली त्या खुणेच्या हिशेबाने सामान उचलत होती. काकांच्या शब्दाखातर मी खतावण्या, बाबांचे कागद आणि गहू थेट वरच्या मजल्यावर नेले. आई म्हणाली, "पावसाचं कोण सांगतंय तुला, बुद्धिबळवाला?"

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. 2005 मध्ये पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. या खेपेला 57 च्या वर गेलं. आमच्या जिन्याच्या नऊ पायऱ्या बुडाल्या. वीज 6 तारखेलाच गेली, फोन त्या रात्री मिटला. आम्हाला बोटीतून काढलं आणि आम्ही विश्रामबागेत मावशीकडे जाऊन पडलो. तिथे गर्दी, चार्जिंगला रांग, रेंज येऊन-जाऊन. डाव माझ्या डोक्यातही नव्हता.

10 तारखेला फोन चालू झाला. चॅटमध्ये एकाखाली एक ओळी होत्या.

"पाव्हणं, हायसा का?"

"आमच्या हितंबी पाणी आलंय. आमी बरं हाय."

"चाल करत न्हाई. केली तर तुमचं घड्याळ सुरू हुतंय."

"अजून थांबलोय."

शेवटची 8 तारखेच्या रात्रीची. "आता थांबता येत न्हाई, माजं घड्याळ पडंल. एक तास ऱ्हायलाय. खेळतोय. तुमचं तीन दिवस आता सुरू. सावकाश या."

आणि पटावर राजा d5.

मी ते दोनदा वाचलं. पाळी ढकलता येत नाही अशा जागी ते माझ्यासाठी जवळजवळ तीन दिवस पाळी धरून बसले होते, स्वतःच्या घड्याळाचा शेवटचा तास उरेपर्यंत. पहिल्याच दिवशी खेळले असते तर माझी वेळ 9 च्या आत संपली असती आणि डाव आपोआप त्यांच्या नावावर लागला असता. मावशीच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या मी राजा d7 वर नेला, आणि खाली लिहिलं, "आलो."

त्यांनी पहिल्यांदाच फोन नंबर मागितला. मिनिटभरात फोन वाजला.

"पाव्हणं हायत का?"

"बोला काका, मीच."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "त्येंच्या मिसेस का?"

माझी आई कोल्हापूरची. आमच्याकडे बायकाही "मी आलो, मी गेलो" म्हणतात. या लेखात मी शाळेतलं मराठी लिहितेय, पण चॅटमध्ये तोंडात होतं तेच टाइप केलं. काकांनी वर्षभर मला बाप्या समजून गुडघ्यापासून मूळव्याधीपर्यंत सगळं सांगितलं होतं. त्या मूळव्याधीची आठवण दोघांनाही एकाच वेळी झाली असावी, कारण दोघंही एकदम हसलो. तेव्हापासून मी ताई.

डाव बरोबरीत सुटला. या खेपेला मी सरळ मागे आले.

लग्नात ते आले ते धुवट पांढरा शर्ट घालून. आईला साडी, नवरा-नवरीला पाकीट, आणि पिशवीत घडीचा पट. पंगती उठल्यावर मंडपाच्या कडेला दोन खुर्च्या ओढून बसलो. गंमत अशी की समोरासमोर आम्हाला बोलायलाच येईना. ते प्यादं सरकवून माझ्याकडे न बघता पटाकडे बघत. मी "गुडघा कसाय?" विचारलं तर "हाय की" म्हणाले आणि गप्प. एक डाव झाला, ते जिंकले, घड्याळ बघून उठले. भावाने त्यांना गाडीवरून स्टँडवर सोडलं.

संध्याकाळी मी हार-तुरे आवरत होते. फोन वाजला. पेठ नाक्याच्या आसपास असणार तेव्हा.

"ताई, मठ्ठा झकास हुता. भावाला गाडी सावकाश चालवायला सांगा. तुमची चाल हाय, काल रात्रीपासनं."