‘तू आलास’ की ‘तू आलीस’?

गेल्या वर्षी आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी तयार होत असलेल्या एका वाचनाच्या अॅपमधील मराठी सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. सूचना जेमतेम दोनशे होत्या, पण मुलांना ‘तू’ म्हणायचे आणि नोंदणीच्या वेळी मुलगा की मुलगी हे विचारायचे नाही, अशा दोन अटी होत्या. ‘तुम्ही’ चालले असते तर बहुतेक प्रश्न तिथेच मिटला असता, कारण ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही वाचता’ ही रूपे दोघांनाही सारखीच लागू पडतात; ‘एकटे’ आणि ‘एकट्या’ अशी विशेषणे तेवढी सांभाळावी लागतात. ‘तू’ म्हटले की मात्र ‘आलास’ किंवा ‘आलीस’, ‘वाचतोस’ किंवा ‘वाचतेस’ यांतले एक निवडावेच लागते.

पहिल्या मसुद्यात मी सरळ तिरपी रेघ वापरली : ‘तू परत आलास/आलीस!’ फोनच्या अरुंद पडद्यावर ही ओळ मधोमध मोडली आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीने दोन्ही रूपे एकापाठोपाठ म्हणून दाखवली. लहान मुलाचे स्वागत सरकारी अर्जातल्या ‘श्री./श्रीमती’च्या सुरात होत होते, म्हणून तो मसुदा मी टाकून दिला.

मग लक्षात आले की सगळीच क्रियापदे वाचकाचे लिंग सांगत नाहीत. ‘तू गोष्ट वाचलीस’ या वाक्यातली ‘ली’ गोष्टीची आहे, वाचणाऱ्याची नाही. मुलगाही गोष्ट ‘वाचलीस’ आणि मुलगीही धडा ‘संपवलास’ असेच ऐकते. म्हणजे भूतकाळात सकर्मक क्रियापद घेऊन कर्म उघडपणे लिहिले की काम होते. ‘तू जिंकलास’ अडचणीचे आहे, पण ‘तू ही फेरी जिंकलीस’ दोघांनाही चालते. विसरणे, शिकणे, बोलणे ही क्रियापदे मात्र या वाटेने जात नाहीत, कारण कर्म असले तरी ती सहसा कर्त्यामागेच जातात : ‘तू शब्द विसरलास’, ‘तू शब्द विसरलीस’. तिथे मी ‘शब्द आठवत नाही का?’ असे लिहिले.

या शेवटच्या वाक्याने पुढची वाट दाखवली. मनाच्या आणि शरीराच्या अवस्थांसाठी मराठीत ‘तुला’ने चालणारी रचना आयतीच आहे आणि ती घरात रोज बोलली जाते. ‘कंटाळलास का?’ऐवजी ‘कंटाळा आला का?’, ‘घाबरलास?’ऐवजी ‘भीती वाटली?’, ‘तू हे करू शकतोस’ऐवजी ‘तुला हे जमेल’. वाढदिवसाच्या दिवशी ‘तू आठ वर्षांचा झालास’ न म्हणता ‘आज तुला आठ वर्षे पूर्ण झाली’. ही वाक्ये वळसा घेऊन लिहिल्यासारखी वाटत नाहीत, ही त्यांची खरी जमेची बाजू. आज्ञार्थाचा प्रश्नच नव्हता, ‘ये’, ‘वाच’, ‘निवड’ यांत लिंग नाही. म्हणून स्वागताचे वाक्य शेवटी ‘ये, बस! आज कोणती गोष्ट वाचायची?’ असे झाले.

सगळे लिहून झाल्यावर राहून गेलेल्या जागा शोधण्यासाठी मी फाइलवर ही आज्ञा चालवली :

```
grep -nE 'लास|लीस|तोस|तेस' strings.xml
```

तिने ‘गोष्ट वाचलीस’सारखी निर्दोष वाक्येच पुढे केली आणि जे सापडायला हवे होते ते सोडून दिले. ‘दोन दिवस तू आला नाहीस’ या वाक्यात नकार आल्यामुळे ‘स’ हा ‘नाही’ला जाऊन चिकटतो आणि ‘आला’ एकटा उरतो, तो कोणत्याच नमुन्यात बसत नाही. ‘तू आमचा पाचशेवा वाचक’ यात तर क्रियापदच नाही, लिंग विशेषणांत लपलेले आहे. त्यानंतर यंत्रावर न विसंबता प्रत्येक सूचना मी दोनदा मोठ्याने वाचली, एकदा भाच्याला उद्देशून आणि एकदा भाचीला उद्देशून. एखादा शब्द जिभेवर आपोआप बदलला की त्या वाक्यावर खूण. दोनशेपैकी अकरा वाक्ये अशी निघाली. ‘आला नाहीस’चे ‘दोन दिवस गाठ पडली नाही’ झाले आणि वाचकाच्या क्रमांकाचे ‘पाचशेवे नाव तुझे!’

एका जागी मात्र मी हरलेलेच बरे, असे ठरवले. अवघड कोडे सुटल्यावर अॅपमधले कासव ‘शहाणा आहेस!’ म्हणत असे. त्याजागी ‘हुशार आहेस!’ व्याकरणाने बिनचूक बसते, पण ‘शहाणा’, ‘शहाणी’ म्हणण्यातला लाड त्यात येत नाही, आणि ‘शाबास’ आधीच चार ठिकाणी वापरून झाले होते. शेवटी कासवाचे ते वाक्यच काढून टाकले. आता कोडे सुटले की ते काही न बोलता नुसती मान डोलावते.