सकाळी आठची हाक

"काकूंकडे मोबाईल आहे, गळ्यात घालायचं अलार्मचं बटण आहे, मुलगाही फोन करतो. मग तू रोज सकाळी दारात जाऊन हाक कशाला मारतेस?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बटण दाबावं लागतं, फोन उचलावा लागतो. काही झालं की नेमकं तेच माणसाला जमत नाही. माझी हाक उलट्या बाजूने चालते, काकूंना काहीच करावं लागत नाही, उत्तर आलं नाही हाच निरोप.

काकू एक्याऐंशी वर्षांच्या, शेजारच्या दारात एकट्या राहतात. तब्येत तशी बरी, बीपीची गोळी आणि रक्त पातळ करायची गोळी चालू. सुरुवातीला मला वाटायचं की भीती पडण्याची आहे. मग वाचत गेले तेव्हा कळलं की पडणं एक गोष्ट आणि पडून राहणं दुसरीच. कडक जमिनीवर एकाच कुशीवर तासन्‌तास पडलं की अंगाखाली दबलेले स्नायू खराब होतात, त्यातून निघालेली द्रव्यं रक्तात जाऊन किडनीवर येतात, कातडीला जखमा होतात, पाणी नसतं, अंग गार पडतं. म्हणजे हाड मोडलेलं नसलं तरी माणूस गंभीर आजारी होऊ शकतो. घरात असहाय पडलेले लोक सापडतात त्यांच्यावर सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एक अभ्यास झाला होता, 1996 साली छापून आला. ज्यांना पडून 72 तासांहून जास्त झाल्याचा अंदाज होता त्यांच्यात 67 टक्के मृत्यू, आणि तासाभराच्या आतल्यांमध्ये 12 टक्के. आता जास्त वेळ पडून राहणारे मुळातच जास्त आजारी असू शकतात हे खरं, पण तो आकडा वाचल्यावर मी मनात एकच हिशोब केला, की काकू जास्तीत जास्त किती तास कुणाच्याही नकळत पडून राहू शकतात? तेव्हा उत्तर होतं दोन-तीन दिवस, कारण मुलगा फोन करायचा पण वेळ ठरलेली नव्हती, आणि उचलला नाही तर झोपल्या असतील, बाहेर गेल्या असतील असं वाटून दुसऱ्या दिवसावर जायचं.

रोजची हाक फक्त एवढंच करते, त्या तासांना वरून एक मर्यादा घालते. त्यामुळे वेळ नक्की असणं सगळ्यात महत्त्वाचं. "येता जाता बघत असते" याला काही अर्थ नाही, कारण एक दिवस दिसल्या नाहीत तर कुणालाच खटकत नाही.

आधी आम्ही पडद्याची खूण ठरवली होती. पडदा उघडा म्हणजे काकू उठल्या. आठ दिवसांत लक्षात आलं की रात्री पडदा लावायचा राहिला तर कालचाच उघडा पडदा मी आज बघून निश्चिंत होणार! खूण अशी हवी की ती रोज नव्याने करावीच लागेल. मोबाईलवरच्या गुड मॉर्निंगचंही तसंच, आलेलं पुढे पाठवलेलं असतं, वाचल्याची निळी खूण तर कुणीही नुसतं चॅट उघडलं तरी येते. शिवाय मेसेजमधून आवाज कळत नाही, आणि मला तर आवाजच हवा असतो. म्हणून आठ वाजता दारात, "काकू, उठलात का?" आणि त्या आतून एखादं पूर्ण वाक्य बोलतात. नुसतं "हो" नाही चालत, वाक्य हवं. जीभ जड झाली असेल, शब्द अडखळत असतील, कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज वार विसरत असेल, तर वाक्यात ते लगेच कळतं. म्हाताऱ्या माणसात असा एकदम झालेला गोंधळ म्हणजे वय झालं असं नसतं, लघवीचं इन्फेक्शन, शरीरातलं पाणी कमी होणं, नवीन गोळी, असं काहीतरी बहुतेक वेळा खाली असतं, आणि ते त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं असतं.

पण हाकेपेक्षा जास्त वेळ आम्ही उत्तर नाही आलं तर काय यावर घालवला. हे आधी ठरलं नसेल तर माणूस दारात उभं राहून उगाच विचार करत बसतं, झोपल्या असतील, अंघोळीला गेल्या असतील, उगाच दार उघडलं तर रागावतील. आमचं ठरलं ते असं: आठला हाक आणि बेल, उत्तर नाही तर दहा मिनिटं थांबून परत बेल आणि सोबत फोन, फोन आत वाजतोय का ते दाराला कान लावून ऐकायचं, सव्वाआठला किल्ली लावून आत, आणि आत शिरताना मोठ्याने नाव घेत जायचं. बाहेर जाणार असतील तर काकू आदल्या रात्रीच सांगतात. हे सगळं काकूंनी स्वतः मान्य केलंय, किल्ली त्यांनीच माझ्या हातात दिली. त्यांच्या मर्जीशिवाय हे केलं असतं तर ती पाळत झाली असती, आणि पाळत ठेवली की माणूस लपवायला लागतं.

किल्लीचं एक सांगायचं राहिलं. आम्ही किल्ली करून घेतली, खूश झालो, आणि एकदा नुसतं करून बघूया म्हणून लावली तर दार उघडेना, कारण काकू रात्री आतून कडी लावतात. चाळीस वर्षांची सवय. लॅच कितीही किल्लीने उघडो, कडीपुढे काय चालणार? काही कुलपांत आतून किल्ली तशीच ठेवली तरी बाहेरची आत जात नाही. म्हणून तुम्ही असं काही करणार असाल तर रात्रीची सगळी बंदोबस्ती झाल्यावर बाहेरून एकदा दार उघडून बघाच. काकूंना कडी सोडायला तीन आठवडे लागले, मी घाई केली नाही, शेवटी आम्ही लॅच जास्त मजबूत बसवून घेतला तेव्हा त्यांना झोप लागायला लागली. बाथरूमचं दार पण आत उघडणारं होतं, आत कोणी दाराला टेकून पडलं तर ते ढकलता येत नाही, ते आता बाहेर उघडतं.

मागच्या वर्षी एका मंगळवारी उत्तर आलं नाही. दुसरी बेल, फोन आत वाजत होता, बराच वेळ. सव्वाआठला मी आत गेले. काकू पलंग आणि बाथरूमच्या मध्ये उजव्या कुशीवर पडलेल्या, शुद्धीत. पहाटे पाचच्या सुमाराला उठल्या, एकदम उभ्या राहिल्या, डोळ्यापुढे अंधार आला. बीपीच्या गोळ्या चालू असल्या की उभं राहताना प्रेशर उतरून असं होऊ शकतं. फोन उशाशी चार्जिंगला, आणि बटण खुंटीवर, कारण झोपताना टोचतं. नंतर वाचलं की केंब्रिजमध्ये नव्वदीच्या पुढच्या लोकांचा अभ्यास झाला होता, 2008 मध्ये आला, त्यातही ज्यांच्याकडे असा अलार्म होता आणि जे एकटे असताना पडून उठू शकले नाहीत त्यातल्या बहुतेकांनी तो वापरलाच नव्हता.

पहिली इच्छा होते ती हात धरून उठवायची. मी नाही उठवलं. कुठे दुखतंय विचारलं, त्यांनी कमरेच्या खाली जांघेत हात ठेवला, आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. खुब्याचं हाड मोडलं की बरेचदा असंच दिसतं. अंगावर पांघरूण घातलं, अँब्युलन्स बोलावली, डोकं आपटलं का ते परत परत विचारलं, कारण रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी तपासून घ्यावंच लागतं. पाणी मागत होत्या, फक्त ओठ ओले केले, पोटात काही दिलं नाही, ऑपरेशन लागलं असतं तर अडचण झाली असती.

डॉक्टरांनी विचारलेलं पहिलं म्हणजे, शेवटचं व्यवस्थित कधी बघितलं होतं? मला सांगता आलं, रात्री साडेनऊला बोलणं झालं, नीट बोलत होत्या. काकूंच्या बाबतीत वेळ त्यांना स्वतःलाच आठवत होती, पण पक्षाघाताचा झटका आला असता आणि बोलता येत नसतं तर? मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणूस सापडल्यापासून नाही, शेवटचं धड असल्यापासून मोजतात. आम्ही जमिनीवर किती तास होत्या तेही मुद्दाम सांगितलं, सव्वातीन, म्हणून स्नायू आणि किडनीच्या रक्ताच्या तपासण्या लगेच झाल्या. त्या ठीक आल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, काकू वॉकर घेऊन आता घरात फिरतात.

दवाखान्यात त्यांनी मला जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. म्हणाल्या, "पहिले काही क्षण खूप ओरडले, मग म्हटलं आठला तू येशीलच. मग ओरडत नाही बसले. चादर ओढून घेतली पायाने आणि घड्याळाकडे बघत राहिले." हे माझ्या हिशोबात कधीच नव्हतं. मी तास मोजत होते, आणि त्यांच्यासाठी त्या तासांना शेवट होता, तो त्यांना माहीत होता.

चुकीचे अलार्मही झालेत, दोनदा. एकदा काकू खरंच गाढ झोपल्या होत्या आणि मी पलंगापाशी उभी, त्या दचकल्या. दोन्ही वेळा मी म्हटलं बरं झालं, प्रॅक्टिस झाली, आणि मनापासून म्हटलं. तिथे ओशाळून पुढच्या वेळी पाच मिनिटं जास्त थांबायला लागलो की हळूहळू ते पाऊण तासावर जातं. मी गावाला गेले की समोरचा मुलगा हाक मारतो, पण ते मी काकूंना त्याच्यासमोर सांगून जाते, कोण येणार हे त्यांना आधी कळायला हवं.

आता मोठी फट राहते ती रात्रीची. साडेनऊ ते आठ, साडेदहा तास, आणि काकू पडल्या त्या नेमक्या त्यातच. मी पहाटे उठवू शकत नाही, त्यांना झोप हवी. मग रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा चालू असतो, उठताना पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून मगच उभं राहायचं, मोबाईल उशाशी न ठेवता जमिनीपासून वीतभर उंचीच्या स्टुलावर, पडल्या पडल्या हात पोचेल असा, आणि बटण गळ्याऐवजी मनगटाला, तिथे टोचत नाही. रात्री साडेनऊला मी दारातून विचारते, "बटण हातात आहे ना?" आणि काकू हात वर करून दाखवतात.